आठ तोट्या आणि एक टाकी

आमच्या नरडाण्यात पूर्वी बुद्धी एकच होती. ती कुणाला असे, कुणाला नसे, आणि कुणाला किती आहे हे ठरवण्याचं काम हेडमास्तर, पोस्टमास्तर आणि स्टेशनमास्तर या तीन मास्तरांकडे वाटून दिलेलं होतं. हेडमास्तर गणिताच्या पेपरावरून ठरवत, पोस्टमास्तर पत्त्यावरच्या अक्षरावरून, आणि स्टेशनमास्तर सुरत-भुसावळ लाइनीच्या गाड्यांच्या वेळा कुणाला तोंडपाठ आहेत त्यावरून. तिन्ही परीक्षांत नापास झालेला मुलगा 'ढ' म्हणून जाहीर होई. पुढं पंधरा वर्षांनी हाच ढ मुलगा तिन्ही मास्तरांना उधारीवर किराणा देई आणि वहीत न बघता कुणाकडे किती बाकी आहे ते सांगे. ही गोष्ट हुशारीच्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरायची, हे मात्र तिन्ही मास्तरांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

तो रकाना आखून दिला हॉवर्ड गार्डनर नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं. १९८३ साली त्यांनी 'फ्रेम्स ऑफ माइंड' नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात जाहीर केलं, की बुद्धी एक नसून सात आहेत. पुढं त्यांनी आठवी दिली. नववीचं नाव काढून ठेवलंय, पण तिचं बारसं अजून केलेलं नाही. जगातल्या यच्चयावत शिक्षकांना आणि त्याहून जास्त पालकांना ही बातमी फार आवडली. आवडणारच! एका बुद्धीच्या वाटपात ज्याचं पोरगं उपाशी राहिलं होतं, त्याला आता आठ पंगतींतून कुठं ना कुठं पान मिळण्याची सोय झाली.

हे सगळं मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी आपला रिटायर्ड माणूस. सकाळी फिरणं, दुपारी झोपणं आणि संध्याकाळी फिरून आल्यासारखं करणं, एवढाच माझा व्याप. पण आमची भाची बी.एड. करते. हा कोर्स २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि मुलांना बिचाऱ्यांना दुप्पट सेमिनार द्यावे लागू लागले. भाचीच्या वाट्याला विषय आला 'बहुविध बुद्धिमत्ता सिद्धान्त : एक चिकित्सक अभ्यास'. वेळ वीस मिनिटं, वर दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. ती लॅपटॉप घेऊन रविवारी आमच्याकडे उतरली. हिनं वरण-बट्टीचा बेत केला होता. बट्टी पोटात गेल्यावर माणूस कुणालाही कसलीही मदत करायला तयार होतो, कारण त्याला उठून जाता येत नाही.

"मामा, चौतीस स्लाइडी झाल्यात," ती म्हणाली.

पहिलीवर रंगीत मेंदू होता. मेंदूचे आठ तुकडे, प्रत्येकाचा रंग निराळा, थेट लोणच्याच्या दुकानातल्या बरण्यांसारखा. मग गार्डनरसाहेबांचं चरित्र, मग आठ बुद्धींच्या चोवीस स्लाइडी, मग फायदे, आणि सगळ्यात शेवटी 'मर्यादा' या नावाची एक अशक्त स्लाइड. तिच्यावर एकच वाक्य : 'हा सिद्धान्त राबवण्यास वेळ व साधने जास्त लागतात.'

"यात चिकित्सा कुठली?" मी विचारलं.

"ही काय, चौतिसावी."

आता वीस मिनिटांत चौतीस स्लाइडी म्हणजे एकीला पस्तीस सेकंद. आमच्या स्टेशनावर न थांबणारी गाडीसुद्धा यापेक्षा जास्त वेळ दिसते. आम्ही ठरवलं, आठच स्लाइडी ठेवायच्या, प्रत्येकीला अडीच मिनिटं, आणि एकीवर पाचपेक्षा जास्त ओळी नाहीत. बाकीचं तोंडानं बोलायचं, कारण शिक्षक होऊ घातलेल्या माणसाला तोंड दिलेलं असतं. तो आराखडा मी इथं देतो. कुणाच्या भाचीच्या उपयोगी पडला तर पडला.

स्लाइड १. हुशारी : एक की आठ?
– गार्डनर काय म्हणतात?
– ते कशावरून म्हणतात?
– ते तपासता येतं का?
– सोमवारी वर्गात गेल्यावर त्याचं काय करायचं?

एवढंच. चित्र नाही, मेंदू नाही. चारही ओळींना प्रश्नचिन्हं असली, की समोरचा माणूस निदान पहिल्या स्लाइडीपुरता जागा राहतो.

स्लाइड २. गार्डनर काय म्हणतात?
– भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक
– शारीरिक, माणसं ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची
– आठवी : निसर्ग ओळखण्याची
– प्रत्येक माणसात आठही; प्रमाण वेगळं
– आठही बऱ्याच अंशी एकमेकींपासून सुट्या

इथं बोलताना 'अवकाशीय' या शब्दाची फोड करावी लागते, नाहीतर निम्मा वर्ग चंद्रावर जातो. आमच्या हायवेवरच्या धाब्यापाशी अठरा चाकी ट्रक आरशात बघून दोन ट्रकांच्या मधे उलटा घालणारा ड्रायव्हर असतो ना, त्याच्याकडे असते ती अवकाशीय बुद्धी. पण या स्लाइडीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची. माणसांत तऱ्हेतऱ्हेचे गुण असतात, हे सांगायला हार्वर्डचा प्राध्यापक कशाला हवा? ते आमच्या आजीलाही ठाऊक होतं. गार्डनरांचं नवं म्हणणं हे, की या आठ निरनिराळ्या बुद्धी आहेत आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. सिद्धान्ताचं सगळं वजन त्या 'सुट्या' शब्दावर आहे. चिकित्सा करायची ती त्याची.

स्लाइड ३. कशावरून म्हणतात?
– आठ निकष
– मेंदूला इजा झाल्यावर एक गुण जातो, दुसरा राहतो
– एखाद्याच गोष्टीत असामान्य असलेली मुलं
– किती निकष पुरे? – लेखकाच्या विवेकावर

गार्डनर पक्षाघातानं मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास करीत, आणि त्यांच्या विचाराची सुरुवात तिथं आहे. एखाद्याची वाचा जाते, पण गाणं राहतं. शेबालिन नावाच्या रशियन संगीतकाराची वाचा पक्षाघातानं गेली, तरी तो पुढं संगीतरचना करीतच राहिला. तेव्हा भाषा निराळी आणि संगीत निराळं, असा हा पुरावा. असे एकूण आठ निकष त्यांनी लावले.

भाचीला मी म्हटलं, "पत्रिका जुळवतात तसंच हे. तिथं छत्तीस गुण, इथं आठ."

"मग इथं किती जुळले की लग्न ठरतं?"

मोठा मार्मिक प्रश्न. आपल्याकडे निदान अठराची अट असते. गार्डनरांनी तशी अट घातलेली नाही. एखाद्या गुणाला बुद्धी म्हणायचं की नाही, हा निवाडा शास्त्रीय मोजमापापेक्षा कलेतल्या परीक्षणासारखा असतो, असं त्यांनी स्वतःच मोकळेपणानं कबूल केलंय. मग स्वयंपाकाची नववी बुद्धी का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं कठीण. (हा प्रश्न आतल्या खोलीतून आला.)

पण खरी गोम मेंदूच्या इजेत आहे, आणि ती समजायला नळ बघावा. आमच्या घरात गच्चीवर एक टाकी आहे आणि खाली आठ तोट्या. न्हाणीघरातली तोटी मोडली तर स्वयंपाकघरातली चालू राहते. आता यावरून 'घरात आठ टाक्या आहेत' असं कुणी म्हणालं तर? तोट्या सुट्या आहेत एवढंच त्यानं सिद्ध केलं. टाक्या किती, हे तोटी मोडून कळत नाही. ते कळायचं तर उन्हाळ्यात यावं. टाकीतलं पाणी खाली गेलं की आठही तोट्यांची धार एकदम बारीक होते का, ते बघावं. पुढची स्लाइड त्याचीच.

स्लाइड ४. तपासून पाहू
– ४० मुलांचा वर्ग. गणितातले पहिले २० काढा
– मराठीतले पहिले २० काढा
– दोन्ही यादींत किती नावं सारखी?
– संबंध नसेल तर : सुमारे १०
– बरीच जास्त असतील तर : धार एकदम बदलतेय

ही स्लाइड भाचीला फार आवडली, कारण हिच्यात समोरच्यांना कामाला लावता येतं. ज्याच्या-त्याच्या सराव शाळेतल्या निकालपत्रकावर हे दहा मिनिटांत होतं. गणिताचा आणि मराठीचा काडीमात्र संबंध नसेल, तर गणितातल्या वरच्या वीसांपैकी निम्मे मराठीतही वरच्या वीसांत यावेत आणि निम्मे खाली जावेत. दहा-अकरा सारखे निघाले तर गार्डनरसाहेबांच्या नावानं चहा पाजावा. पंधरा-सोळा निघाले तर चहा स्पिअरमनला. या इंग्रज गृहस्थानं १९०४ सालीच दाखवून दिलं होतं, की एका विषयात वर असलेली मुलं बहुधा दुसऱ्यातही वर असतात. त्या एकत्र चालण्याला त्यानं सर्वसामान्य बुद्धी असं नाव दिलं. शंभराहून जास्त वर्षं लोक हे तपासताहेत आणि ते पुन्हापुन्हा दिसतंय.

अर्थात 'बहुधा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. गणितात पहिला आणि निबंधात शून्य असे महाभाग असतातच, आणि नेमके तेच आपल्या लक्षात राहतात. दोन्हींत बरी असलेली पंचवीस पोरं कुणी लक्षात ठेवत नाही. आणखी एक सावधगिरी स्लाइडीवर नाही, तोंडानं सांगायची. निकालपत्रक म्हणजे बुद्धीचा आरसा नव्हे. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराला गणिताचं शाब्दिक उदाहरण पुस्तकी मराठीत आलं, की त्याची अर्धी ताकद 'प्रत्येकी' म्हणजे काय हे समजण्यात जाते. मग त्याचं गणितही पडतं आणि मराठीही पडते. दोन धारा एकदम बारीक झाल्या खऱ्या, पण दोष टाकीचा नाही, मधल्या पाइपाचा आहे.

स्लाइड ५. गार्डनरांची बाजू
– 'कागदी परीक्षा भाषा आणि तर्क यांच्याच बळावर सुटतात'
– म्हणून गुण एकत्र चालतात
– मग सुट्या बुद्धी मोजायच्या कशा?
– कॅनडा, २००६ : २०० माणसं, १६ कसोट्या

फिर्यादीचं ऐकून झालं की आरोपीचंही ऐकावं. गार्डनर म्हणतात, तुम्ही गाण्याचीही परीक्षा कागदावर घेता, मग भाषेत बरा असलेला तिथंही बराच दिसणार. म्हणणं अगदी रास्त आहे. पण मग दुसरी परीक्षा कोणती? आठही बुद्धी मोजणारी पक्की कसोटी त्यांनी स्वतः दिली नाही, आणि दुसऱ्यांनी केल्या त्या त्यांना पसंत पडल्या नाहीत. जो उमेदवार कुठल्याच परीक्षेला बसत नाही, तो कधी नापास होत नाही, हे खरं; पण पासही होत नाही.

२००६ साली कॅनडातल्या तीन संशोधकांनी ही परीक्षा घेऊन पाहिली. आठ बुद्धींसाठी प्रत्येकी दोन अशा सोळा कसोट्या त्यांनी दोनशे माणसांना दिल्या. भाषा, तर्क, अवकाश, निसर्ग आणि माणसं ओळखणं, या गोष्टी बऱ्यापैकी हातात हात घालून चालल्या. अंगाची हालचाल आणि संगीत मात्र बरीच आपल्या वाटेनं गेली. म्हणजे साहेब सगळे चुकले असं नाही. एक-दोन तोट्यांना शेजारच्या विहिरीचंही पाणी असावं. आणि टाकीवाल्यांनीही फार ताठ होऊ नये. टाकी प्रत्यक्ष कुणी पाहिलेली नाही. धारा एकदम बदलतात, एवढंच पाहिलंय. काही जण तर म्हणतात, टाकी नसेलच. एक गुण वाढताना दुसऱ्याला हात देत असेल.

"मामा, मग निकाल काय?"

"निकाल असा, की 'आठ सुट्या बुद्धी सिद्ध झाल्या' असं म्हणता येत नाही. 'आठ तऱ्हेचे गुण असतात' असं खुशाल म्हण. 'गुण' म्हटलं असतं तर पुस्तकाकडे एवढं लक्ष गेलं नसतं, हे गार्डनरही जाणून आहेत. म्हणून तर त्यांनी 'बुद्धी' शब्द घेतला."

यानंतर भाचीनं सहाव्या स्लाइडीवर बहिणाबाईंचा फोटो आणून बसवला. आमच्या भागातल्या कुठल्याही सेमिनारात तो येतोच. आणि का येऊ नये? जिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या असोद्याच्या लेकीचं नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला दिलं गेलं. ज्या विद्यापीठात आता लोक पीएच.डी. करतात, त्या विद्यापीठाचं नाव अशा बाईचं, जिला त्याचा प्रवेश अर्जही भरता आला नसता! फोटोखाली भाचीनं लिहिलं होतं, 'भाषिक बुद्धीचे उत्तम उदाहरण'. मी म्हटलं, फोटो ठेव, ओळ बदल.

स्लाइड ६. बहिणाबाई काय सिद्ध करतात?
– निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे : होय
– भाषा ही सुटी बुद्धी आहे : नाही
– लिहायला-वाचायला आलं नाही तरी चालतं : मुळीच नाही

पहिली ओळ वादातीत. पण दुसरी बघा. बहिणाबाईंची कविता म्हणजे नुसते शब्द आहेत का? त्यात पेरणी आहे, पाखरं आहेत, माणसाच्या मनाची पारख आहे, स्वतःच्या दुःखाकडे बघणं आहे, आणि सगळं जात्यावर म्हणता येईल अशा ठेक्यात. गार्डनरांच्या आठांतल्या निदान पाच तोट्या एकदम वाहताहेत. सुट्या कसल्या? सिद्धान्ताच्या बाजूनं म्हणून उभा केलेला साक्षीदार उलट साक्ष देतोय. तशी एकाच माणसाची साक्ष कुठल्याच बाजूनं फार उपयोगाची नसते, हेही भाचीनं सांगावं असं ठरलं.

आणि तिसरी ओळ. ती लिहिताना माझा हात जरा थांबला होता. या कविता आपल्यापर्यंत पोचल्या कशा? बहिणाबाई बोलत गेल्या आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवलं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. आई १९५१ च्या डिसेंबरात गेली आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तो संग्रह निघाला. घरात लिहिणारं कुणी नसतं तर? असं कितीतरी घरांत झालं असेल, आणि ते आपल्याला कधी कळणारही नाही. बहिणाबाईंचं उदाहरण साक्षरतेच्या विरुद्ध नाही. ते साक्षरतेच्या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे.

एवढं जोरानं बोलण्याचं कारण सातव्या स्लाइडीत आहे. भाची सराव पाठाला एका शाळेत जाते. (शाळेचं नाव नको. अशा शाळा बऱ्याच आहेत.) तिथं चौथीच्या मुलांना कुणी उत्साही माणसानं एक प्रश्नावली भरायला लावली होती, आणि त्यावरून प्रत्येकाच्या छातीवर रंगीत कार्ड लावलं होतं. कुणी 'गणित', कुणी 'निसर्ग', कुणी 'भाषा'. एका पोराच्या कार्डावर होतं 'संगीत'. पोरगा ढोल फार छान वाजवतो. त्याला वाचता येत नव्हतं. मग वाचनाचा तास आला, की इतर मुलं धडा वाचत आणि हा बाकावर ठेका धरी. बाई म्हणत, "त्याची बुद्धी वेगळी आहे." पूर्वी अशा पोराला 'ढ' म्हणून मागं बसवत, आता 'संगीत' म्हणून बसवलं. बाक तोच. एका दुपारी त्याची आजी भाचीला फाटकात भेटली आणि म्हणाली, "बाई, मन्हा नातूले वाचता कधी येई?" या प्रश्नाला आठांपैकी एकाही बुद्धीत उत्तर नव्हतं.

स्लाइड ७. वर्गात काय करू नये, काय करावं
– मुलाला कार्ड लावू नये
– 'त्याच्या बुद्धीप्रमाणे' शिकवण्यानं जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही
– पद्धत विषयाप्रमाणे निवडा, मुलाप्रमाणे नव्हे
– अडलंय कुठं ते नेमकं शोधा

दुसऱ्या ओळीबद्दल. मुलांच्या 'शिकण्याच्या शैली' ओळखून तसतसं शिकवा, असा एक संप्रदाय आहे. २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी त्याचा पुरावा तपासला आणि तो पुरेसा नाही असा निर्वाळा दिला. आणि गंमत म्हणजे गार्डनर स्वतः सांगून थकले, की बाबांनो, माझ्या बुद्धी म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, मुलांना शिक्के मारू नका. पण गुरूचं ऐकतील तर ते शिष्य कसले!

तिसरी ओळ तापीच्या उदाहरणानं सांगायची. तापी कुठून कुठं वाहते हे शिकवायचं तर नकाशाच हवा. 'संगीत' कार्डवाल्यालाही नकाशा आणि 'भाषा' कार्डवालीलाही नकाशा. कविता शिकवायची तर ती मोठ्यानं म्हटलीच पाहिजे, गणित-बुद्धीवाल्यासमोरसुद्धा. एकच गोष्ट दोन-तीन वाटांनी दाखवावी हे गार्डनरांचं सांगणं चांगलंच आहे. पण सगळ्या वाटा सगळ्यांसाठी. वाट वाटून द्यायची नाही.

आणि चौथी ओळ भाचीनं आधीच करून पाहिली होती. त्या पोरासाठी तिनं वीस शब्द लिहिले. पाच बिनकान्याचे : घर, नळ, बस असे. पाच कान्याचे. पाच वेलांटी-उकाराचे. पाच जोडाक्षरांचे. पोरगा पहिले दहा अडखळत का होईना, वाचून गेला. वेलांटीशी गाडी थांबली. तो 'दिवा'ला 'दवा' वाचायचा, पहिली वेलांटी त्याच्या डोळ्याला दिसतच नव्हती, कारण ती अक्षराच्या आधी लागते आणि उच्चार नंतर होतो. म्हणजे दोष बुद्धीत नव्हता, वेलांटीत होता. मग रोज पंधरा मिनिटं. 'क, कि, की' बोट ठेवून म्हणायचं, मग ते असलेले त्याच्या घरातले शब्द, मग पुस्तकातले. ढोल बंद केला नाही. शब्द तोडून म्हणताना एकेका अक्षराला एकेक टिचकी चालू ठेवली, आणि ती सगळ्या वर्गाला लावली. तीन आठवड्यांत वेलांटी सुटली. जोडाक्षरं अजून बाकी आहेत.

स्लाइड ८. ठेवायचं काय, सोडायचं काय?
– ठेवा : गुण अनेक असतात, एका पेपरावरून माणूस ठरवू नका
– सोडा : 'आठ सुट्या बुद्धी सिद्ध झाल्या'
– सोडा : मुलाला कार्ड
– सोडू नका : वाचन, लेखन, गणित – सगळ्यांना

सेमिनार झाला. मी गेलो नव्हतो, पण भाचीनं येऊन साग्रसंगीत वर्णन केलं. प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं, "मग टीईटीला 'बहुविध बुद्धिमत्ता – कोण?' असं जोड्या लावायला आलं तर काय लिहायचं?" ती म्हणाली, "गार्डनरच लिहायचं. सिद्धान्त कुणाचा ते विचारलंय, खरा आहे का ते नाही." दुसरीनं जरा नाराजीनं विचारलं, "पण या सिद्धान्तानं मागं पडलेल्या मुलांना आशा मिळते, ती आपण का काढून घ्यायची?" यावर भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं त्या आजीचा प्रश्न तिच्याच बोलीत वर्गाला सांगितला. निम्मा वर्ग खान्देशातलाच. कुणी हसलं नाही.

गुण वीसांपैकी सतरा मिळाले. तीन कापले. प्राध्यापकांनी शेरा लिहिला : 'मांडणी चांगली. मेंदूची रंगीत आकृती हवी होती.'

भाचीनं ती जपून ठेवली होती. पुढच्या वेळी लावणार आहे म्हणते.